दोन अधिक दोन चालतं, तीन अधिक शून्य नाही: मुंबईतल्या केटीच्या नियमाची पार्श्वभूमी

मुंबईत ‘केटी लागली’ म्हटलं की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. एखाद्या विषयात उडालो, पण वर्ष गेलं नाही, एवढा अर्थ लोकलच्या चौथ्या सीटवर बसलेल्या अनोळखी माणसालाही कळतो. गंमत म्हणजे मूळ शब्दात नापास हा अर्थच नाही. एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’, पुढची सत्रं भरायची परवानगी. अडकलेल्या विषयाबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही, तो पुढच्या वर्गात बसू देण्याबद्दल आहे. केटी ‘मिळायला’ हवी होती, इथे ती ‘लागते’. आणि ‘मला चार केट्या आहेत’ हे वाक्य शब्दशः घेतलं तर चार परवानग्या असल्याची बढाई ठरेल.

‘टर्म ठेवणे’ ही कल्पना विलायती विद्यापीठांची. १८५७ साली इथे विद्यापीठ आलं, त्याबरोबर तीही आली. विद्यार्थ्याने कॉलेजात ठरावीक काळ हजेरी लावायची, प्राचार्यांनी ‘टर्म भरली’ अशी सही द्यायची आणि मग परीक्षेला बसायचं. म्हणजे टर्म आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी. आजही पंचाहत्तर टक्के हजेरी नसलेल्या मुलाची ‘टर्म ग्रँट होत नाही’ असंच म्हणतात, मग तो कितीही हुशार असो. एटीकेटी ही त्याची उलटी बाजू: परीक्षेत कमी पडला तरी पुढची टर्म मिळते. हा फरक पुढे इतका पुसला गेला, की ‘एटीकेटी परीक्षा’ असा जोडशब्द तयार झाला आणि कॉलेजच्या सूचनाफलकावर अधिकृतपणे लागूही लागला. परवानगीची परीक्षा! त्यातच अ‍ॅडिशनल, रिपीटर आणि दहावी-बारावीच्या बोर्डाची पुरवणी परीक्षा यांची सरमिसळ. खिडकीवर रांगेत उभी असलेली मुलं आपण नेमका कुठला फॉर्म भरतोय हे एकमेकांना विचारत असतात.

वार्षिक पद्धतीच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. एप्रिलमध्ये उडालेला ‘ऑक्टोबरला बसायचा’, एवढं जुन्या पिढीला पुरेसं आहे. आजचा गुंता २०११-१२ पासूनचा आहे. त्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला क्रेडिट आणि ग्रेडवर चालणारी सत्रपद्धत लागू झाली. तीन वर्षांचे तीन निकाल होते, त्यांचे सहा झाले. बी.कॉम.च्या मुलाला एका सत्रात सात पेपर, म्हणजे वर्षाला चौदा. पहिली चार सत्रं कॉलेजने विद्यापीठाच्या वतीने घ्यायची, पाचवं-सहावं विद्यापीठाने. आता मागचे किती विषय घेऊन पुढे जाता येईल, हे नव्याने लिहिणं भाग होतं.

जे लिहिलं गेलं ते असं. पहिल्या सत्रात कितीही विषय उडाले तरी दुसऱ्या सत्राची टर्म मिळते. खरी चाळणी तिसऱ्या सत्राच्या दाराशी. तिथे एक तर दोन्ही सत्रं सुटलेली हवीत, नाही तर पहिल्यात दोनपेक्षा जास्त नाहीत आणि दुसऱ्यातही दोनपेक्षा जास्त नाहीत, अशी स्थिती हवी. वाचताना हे सरळ वाटतं. जूनमध्ये प्रवेशाची खिडकी उघडली की त्याची धार कळते.

मी त्या वर्षांत एका कॉलेजच्या परीक्षा विभागात निकालाचे तक्ते जुळवायला बसत असे. एक उदाहरण तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. तेव्हा पंचाहत्तर गुणांचा लेखी पेपर आणि पंचवीस गुण अंतर्गत अशी पद्धत होती. दोन्हींत वेगवेगळे चाळीस टक्के हवेत, म्हणजे लेखीत तीस. एका मुलीला पहिल्या सत्रात तीन पेपरांत अठ्ठावीस, सत्तावीस आणि एकोणीस पडले. बाकी सगळं पास, दुसरं सत्र पूर्ण पास. तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीचे पहिल्या सत्रात दोन आणि दुसऱ्यात दोन असे चार विषय उडालेले. मैत्रीण एस.वाय.ला गेली. तीन विषयवालीला ड्रॉप लागला. तिच्या वडिलांनी खिडकीत हात टेकून विचारलं, “मॅडम, चार मोठे की तीन?” उत्तर नियमात होतं, पण ते त्यांना पटेल असं सांगणं मला जमलं नाही.

आता ग्रेस. अठ्ठावीस आणि सत्तावीस म्हणजे दोन आणि तीन गुण कमी. वटहुकूम ५०४२ प्रमाणे पन्नासच्या पुढे शंभरपर्यंत गुणांच्या पेपराला तीन गुणांपर्यंत ग्रेस मिळतो आणि सगळा मिळून एकूण गुणांच्या एक टक्क्याच्या वर जात नाही. सातशेच्या परीक्षेत सात. तिला लागणार होते पाच, तेव्हा दोन विषय सुटायला हवे होते आणि एकच केटी उरायला हवी होती, असा हिशेब घरी होतो. पण त्याच वटहुकुमात आणखी एक अट आहे: ग्रेसचा लाभ संपूर्ण परीक्षा पास होत असेल तरच. तिसऱ्या पेपरात अकरा गुण कमी होते, ते कुठल्याच ग्रेसने भरत नाहीत, म्हणून पहिल्या दोन पेपरांचाही ग्रेस गेला. गुणपत्रिकेवर @ ही खूण दिसली नाही, की समजायचं ग्रेस लागलेला नाही. ग्रेस पूर्ण पास करायला आहे, केट्यांची संख्या कमी करायला नाही, हे दर जूनमध्ये कुणाला तरी नव्याने समजावून सांगावं लागायचं.

नियम करणाऱ्यांच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे. सत्र ही स्वतंत्र परीक्षा, म्हणून मर्यादाही प्रत्येक सत्राला स्वतंत्र. सातपैकी तीन विषय उडालेला मुलगा त्या सत्रात जवळजवळ निम्मा कोरा आहे. त्याला पुढे ढकललं तर तिसऱ्या सत्राचा अभ्यास आणि पहिल्याचे तीन पेपर एकत्र येतात. शिवाय मध्ये एक संधी ठेवलेलीच होती. नापास झालेल्यांसाठी, तसंच आजारपणामुळे किंवा खेळ, एन.सी.सी. वगैरेंमुळे गैरहजर राहिलेल्यांसाठी अ‍ॅडिशनल परीक्षा, निकालानंतर वीस दिवसांनी आणि फार तर चाळीस दिवसांत. कागदावर हा नियम तीन विषयवालीला वाचवणारा आहे. प्रत्यक्षात पहिल्या सत्राचा निकाल जानेवारीत रेंगाळला की वीस दिवसांनंतरची तारीख दुसऱ्या सत्राच्या वर्गांत आणि प्रकल्पांत जाऊन पडते, आणि तीन जुन्या पेपरांची तयारी करायला मुलाकडे रविवार उरतात. दोन्ही सत्रांची बेरीज करून चारची मर्यादा ठेवली असती तर काय बिघडलं असतं, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

पुढच्या वर्षाची अट याहून कडक. पाचव्या सत्रात जायचं तर मागे अडकलेलं ओझं एकाच वर्षाचं हवं. पहिलं-दुसरं सुटलेलं असेल तर तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी दोन चालतात, किंवा उलट. दोन्ही वर्षांचा एकेक विषय राहिला तरी दार बंद, जरी बेरीज दोनच असली तरी. इंजिनीअरिंगला वेगळा खाक्या: तिसऱ्या वर्षाला पहिलं पूर्ण सुटलेलं हवं आणि चौथ्याला दुसरं.

यातूनच सगळ्यात त्रासदायक प्रकार निघाला. सहाव्या सत्राची परीक्षा देता येते, पण मागच्या पाचांतला एक पेपर जरी राहिला असेल तर सहाव्याचा निकाल राखून ठेवला जातो. संकेतस्थळावर गुणांऐवजी आरएलई ही अक्षरं दिसतात. लोअर एक्झाममुळे निकाल राखीव. मुलगा पेपर देऊन मोकळा झालेला असतो, कंपनीचं नियुक्तिपत्र हातात असतं, त्यांना जूनअखेर गुणपत्रिका हवी असते, आणि दुसऱ्या सत्राच्या अर्थशास्त्राची केटी परीक्षा कॉलेज घेणार ऑक्टोबरात. त्यातही पॅटर्न मधल्या मध्ये बदललेला. सुरुवातीचा साठ-चाळीस, मग पंचाहत्तर-पंचवीस, काही शाखांना पुढे थेट शंभराचा पेपर. एकाच हॉलमध्ये एकाच विषयाच्या तीन वेगळ्या प्रश्नपत्रिका वाटताना पर्यवेक्षकाने आधी ‘जुना की नवा?’ विचारायचं, आणि विद्यार्थ्यालाच खात्री नसायची. चुकीचा पेपर लिहिला गेला तर तो गैरहजर धरायचा की नापास, यावर कार्यालयात तासभर वाद चाललेला मी पाहिला आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ऐन वेळी ठरलं, आणि निकाल जुलैची मुदत ओलांडून महिनोन्‌महिने लांबले. बातम्या झाल्या त्या पदवी न मिळालेल्यांच्या. केटीवाल्यांची अडचण त्याहून साधी होती: मागचा पेपर सुटला की नाही हे कळायच्या आधी पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख संपत होती. पुष्कळांनी शुल्क भरून दोन्हींकडे नाव लावून ठेवलं.

मग २०२० आलं आणि दोन-दोनचं गणितच काही काळ बाजूला पडलं. २९ एप्रिलच्या केंद्रीय सूचनांत मधल्या वर्षांसाठी सूत्र होतं: निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, निम्मे मागच्या सत्राचे. सोबत, अडकलेले विषय घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ द्यावं आणि पुढे परीक्षा होईल तेव्हा ते सोडवावेत, अशी मुभाही. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ तेव्हा खरा झाला, टर्म मिळाली. शेवटच्या वर्षाची परीक्षा रद्द करायचा राज्याचा निर्णय मात्र टिकला नाही. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी नाही. राज्याला हवी तर तारीख वाढवून मागता येईल. म्हणून त्या शरद ऋतूत घरबसल्या बहुपर्यायी पेपर झाले. माझ्या पाहण्यातली काही मुलं चार-चार वर्षं अडकलेल्या गणितातून त्या काळात सुटली. त्यांच्या गुणांवर कुणी नाक मुरडलं, तर कुणी पेढे वाटले. २०२२ पासून वर्गात बसून पेपर द्यायची वेळ आली तेव्हा ‘कॅरी ऑन द्या’ ही मागणी राज्यात ठिकठिकाणी ऐकू आली, ती याच सवयीतून.

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा इथल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. त्यात एक पेपर दोन क्रेडिटचा, दुसरा चारचा. जुन्या हिशेबात दोन्ही एकेक केटी, नव्यात एक दुसऱ्याच्या दुप्पट. पण खिडकीवर अजून कुणी क्रेडिट विचारत नाही. परवाच एक मुलगा मोबाइलवर गुणपत्रिका मोठी करून दाखवत विचारत होता, “सर, ही हाफ केटी धरतात का?”