मेंदूमृत्यू आणि उपचार थांबवणे: धर्मांच्या भूमिकांतील नेमका फरक

अवयवदान आणि आयुष्यअखेरीची शुश्रूषा या प्रश्नांच्या उत्तरांत विद्यार्थी हमखास दोन गोष्टींची गल्लत करतात. मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबलेल्या, म्हणजे मेंदूमृत रुग्णाच्या बाबतीत 'माणूस मेला आहे का?' हा प्रश्न असतो, तर उपचार थांबवताना 'जिवंत माणसाचे मरण आणखी लांबवावे का?' हा प्रश्न असतो. दोन्हींत व्हेंटिलेटर बंद करण्याचा विषय निघतो, म्हणून ते एकच वाटतात.

अपघातात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण अतिदक्षता विभागात आहे असे समजा. बुबुळे प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. व्हेंटिलेटर काही मिनिटे बाजूला केल्यावर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, तरी छाती हलत नाही. भारतातील १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मृत्यू घोषित करते. नातेवाइकांनी अवयवदानास संमती दिली, तर त्यानंतरही व्हेंटिलेटर चालूच ठेवतात, कारण हृदय आणि यकृत यांना रक्तपुरवठा मिळत राहावा लागतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षे अचेत अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची स्थिती वेगळी होती. त्या स्वतः श्वास घेत होत्या आणि श्वास चालवणारा मेंदूचा भाग, म्हणजे त्यांचा मस्तिष्कस्तंभ, जिवंत होता. म्हणून २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे वाद होता तो त्यांना भरवले जाणारे अन्न थांबवण्याचा. त्यांना मृत ठरवून अवयव काढण्याचा प्रश्नच नव्हता.

कॅथलिक भूमिका हा फरक काटेकोरपणे पाळते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० मध्ये, काटेकोर वैद्यकीय निकष पूर्ण होत असतील तर मेंदूच्या मृत्यूवरून मृत्यू ठरवणे मान्य केले आणि अवयवदानाला वाट दिली. त्यांनीच २००४ मध्ये शानबाग यांच्यासारख्या स्थितीतील रुग्णाला, नळीने का होईना, अन्नपाणी देणे हे तत्त्वतः कर्तव्यच असल्याचे सांगितले. वरवर हा विरोधाभास वाटतो, पण एक विधान मृताविषयी आहे आणि दुसरे जिवंताविषयी.

इस्लामी फिक्ह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा; त्यातील दोन निर्णय तर अधिक बारकाईने वाचावेत. १९८६ मध्ये अम्मान येथील फिक्ह अकादमीने मेंदूचे सर्व कार्य कायमचे थांबले आणि त्याचा ऱ्हास सुरू झाला की माणूस मृत मानला. १९८७ मध्ये मक्केच्या फिक्ह परिषदेने अशा रुग्णाची यंत्रे काढण्यास परवानगी दिली, मात्र हृदय आणि श्वास पूर्ण थांबेपर्यंत त्याला मृत मानू नये, असे ठरवले. यंत्र काढण्याबाबत दोघांचे उत्तर एकच असले, तरी मक्केचा निर्णय मानणाऱ्याच्या दृष्टीने धडधडते हृदय काढून घेणे म्हणजे जिवंत माणसाचा प्राण घेणे होय.

हिंदू परंपरेच्या उत्तरात दधीचीची कथा सर्रास लिहिली जाते. ती त्यागाचे मोल सांगते. मृत्यू कोणत्या क्षणी झाला हे ठरवायला मात्र ती उपयोगी पडत नाही. माझ्या मते म्हणूनच उत्तराचा सगळा भार तिच्यावर टाकू नये.

वरील अपघाताच्या प्रसंगात मक्केच्या निर्णयानुसार चालणारे कुटुंब हृदयदानाला नकार देईल, पण व्हेंटिलेटर काढण्यास संमती देऊ शकेल. 'धर्म अवयवदान नाकारतो, म्हणून तो उपचार थांबवण्यालाही विरोध करतो' हे विधान या कुटुंबाच्या बाबतीत चुकीचे ठरते.