भाव हलला नाही, तरी डेल्टा का सरकतो?
कॉल विकून शेअरने हेज ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

बरेच ग्राहक विचारतात, "शेअरचा भाव होता तिथेच आहे, मग माझं हेज का बिघडलं?" उत्तर बहुतेक वेळा व्हॅना आणि चार्म या दोन गोष्टींत असतं. अस्थिरता बदलल्यावर डेल्टा किती सरकतो ते व्हॅना सांगतो आणि नुसते दिवस गेल्यावर किती सरकतो ते चार्म.

समजा शेअर 100 वर आहे. तुम्ही 105 स्ट्राइकचे, 1000 शेअरचे कॉल विकलेत. मुदत 30 दिवस, अस्थिरता 20 टक्के. व्याज आणि लाभांश हिशेबात न धरता डेल्टा सुमारे 0.205 येतो, म्हणून तुम्ही 205 शेअर घेऊन ठेवता.

आता भाव 100 वरच राहिला, पण अस्थिरता 30 टक्क्यांवर गेली. डेल्टा 0.30 होतो आणि हेजला 300 शेअर लागतात. तुमच्याकडे 95 कमी आहेत. कारण सरळ आहे: 105 पर्यंतचं अंतर तेवढंच असलं, तरी शेअर आता जास्त हेलकावे घेईल असं बाजार मानतो. त्यामुळे तिथवर पोचणं पूर्वीइतकं अवघड वाटत नाही.

अस्थिरता 20 टक्केच राहून 10 दिवस गेले, तर उलट होतं. तेवढ्याच अंतरासाठी आता कमी वेळ उरला आहे. डेल्टा 0.154 वर येतो आणि तुमच्याकडे 51 शेअर जास्त होतात. आणखी 10 दिवसांनी गरज जेमतेम 73 ची राहते. पहिल्या दहा दिवसांत 51 ची घट, पुढच्या दहांत 81 ची: मुदत जवळ येते तसा वेग वाढतो. म्हणून शेवटच्या आठवड्यांत शनिवार-रविवारनंतर हेज न तपासता सौदे सुरू करू नका, असं आम्ही आग्रहानं सांगतो.

दोन्ही एकदम झालं तर? 10 दिवस गेले आणि अस्थिरता 30 झाली, तर 255 शेअर लागतात. एक ओढ दुसरीला काही अंशी खोडते. एकट्या व्हॅनाकडे किंवा एकट्या चार्मकडे पाहून शेअर घेतले-विकले, तर फसगत होते ती इथेच.

स्ट्राइक भावाच्या खाली असेल तर दिशा उलटते. 95 च्या कॉलचा डेल्टा 0.82 असतो. अस्थिरता 30 झाली की तो 0.74 वर उतरतो, पण 10 दिवस गेले की 0.87 वर चढतो. भावाच्या अगदी लगतच्या स्ट्राइकला दोन्ही परिणाम फार थोडे असतात.

स्क्रीनवरचा व्हॅना त्या घडीचा उतार दाखवतो. अस्थिरतेत एक-दोन टक्क्यांचा फरक असेल तर तो पुरतो. दहा टक्क्यांची उडी असेल तर डेल्टा नव्यानं काढा, आणि तोही त्या स्ट्राइकची स्वतःची अस्थिरता घालून.