पुसून गेलेला कान: फोटोशॉपची हिस्टरी आणि स्नॅपशॉट

फोटोतल्या माणसामागची पार्श्वभूमी इरेझरने पुसताना चूक होते तेव्हा ती बहुतेक वेळा लगेच दिसत नाही. केसांच्या कडेने काम करायचं म्हणून आपण फोटो खूप मोठा करून घेतलेला असतो आणि मऊ कडेचा ब्रश नेमका कुठे विरतोय ते त्या आकारात कळत नाही. मग चेहऱ्यावरचे डाग काढून होतात, उजेड-सावली ठीक होते, मागे गडद रंग येतो आणि फोटो पूर्ण दिसेल इतका लहान केल्यावर लक्षात येतं की डाव्या कानाची कड अर्धवट विरली आहे. आता Ctrl + Z दाबत बसलं तर कानापर्यंत पोचायच्या आधी मधली सगळी मेहनत उलटी फिरेल. मुळात कानापर्यंत पोचता येईल याचीही खात्री नाही.

ती खात्री का नाही, हे हिस्टरी पॅनेलच्या मोजणीत दडलेलं आहे. Window > History मधून उघडणारं हे पॅनेल फोटोशॉपमध्ये 1998 साली, पाचव्या आवृत्तीत आलं. आपण केलेली प्रत्येक कृती त्यात एक ओळ म्हणून खाली जमा होत जाते. हल्लीच्या आवृत्त्यांमध्ये अशा 50 ओळी राहतात. एक्कावन्नावी आली की सगळ्यात वरची निघून जाते. पन्नास ऐकायला भरपूर वाटतात, पण माउसचं बटण दाबून सोडेपर्यंतचा एक फटकारा म्हणजे एक ओळ. केसांच्या कडेने आपण छोटे छोटे फटकारे मारत जातो आणि पन्नास फटकारे काही मिनिटांतच होतात. इरेझरने केलेली चूक हिस्टरीतून इतक्या सहज निसटते ती यामुळे. शिवाय त्या पन्नासही ओळींवर नुसतं Eraser असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे कान कुठल्या फटकाऱ्यात गेला ते नावावरून ओळखता येत नाही.

Preferences > Performance मध्ये History States चा आकडा 1000 पर्यंत नेता येतो. पण सरसकट तो वाढवून ठेवावा असं मला वाटत नाही. फोटोशॉप फोटोचे चौकोनी तुकडे पाडून ते मेमरीत ठेवतं आणि प्रत्येक ओळीसाठी फक्त बदललेले तुकडे नव्याने साठवतं. बारीक ब्रशचा एक फटकारा मोजक्या तुकड्यांना शिवतो, त्यामुळे तो स्वस्त पडतो. अख्ख्या थराला ब्लर दिला की मात्र सगळेच तुकडे बदलतात. 6000 × 4000 पिक्सेलचा, 8 बिटचा, पारदर्शकता असलेला एक थर जवळपास 96 MB चा होतो. तो पूर्ण बदलणाऱ्या वीसएक कृती झाल्या की हिशेब दोन GB च्या आसपास जातो. रॅम पुरली नाही की हा साठा डिस्कवर जातो आणि काम रेंगाळायला लागतं.

त्यापेक्षा पुसायला सुरुवात करण्याआधी एक स्नॅपशॉट घ्यावा. Alt धरून पॅनेलच्या तळाशी असलेल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की छोटी चौकट उघडते. तिथे नाव द्यावं, समजा ‘पुसण्याआधी’, आणि From मध्ये Full Document ठेवावं, म्हणजे सगळे थर जसेच्या तसे टिपले जातात. हा स्नॅपशॉट पॅनेलमध्ये वरच्या बाजूला जाऊन बसतो. पन्नासच्या मोजणीत तो येत नाही, त्यामुळे खाली कितीही फटकारे मारले तरी तो तिथेच राहतो.

आता त्या कानाकडे येऊ. स्नॅपशॉटच्या नावावर क्लिक केलं तर संपूर्ण फोटो त्या वेळच्या स्थितीला जाईल आणि खालच्या ओळी फिकट होतील. नुसतं बघून परत खालच्या शेवटच्या ओळीवर क्लिक केलं तर काही बिघडत नाही. पण मागे उभं राहून एक जरी नवीन फटकारा मारला, तरी त्या फिकट ओळी पुसल्या जातात. म्हणून काहीही करण्याआधी आत्ताच्या स्थितीचाही स्नॅपशॉट घ्यावा, ‘आत्ता’ नावाचा. ही सवय मला पहिल्या स्नॅपशॉटइतकीच मोलाची वाटते, कारण दुरुस्तीच्या घाईत नवं काम हातचं जाण्याचा धोका इथेच असतो.

आपल्याला मागे न्यायचा आहे तो फक्त कान. त्यासाठी ‘पुसण्याआधी’च्या नावावर क्लिक न करता त्याच्या डावीकडच्या रिकाम्या चौकोनात क्लिक करायचं. तिथे ब्रशचं चिन्ह उमटतं. म्हणजे जुने पिक्सेल आता या स्नॅपशॉटमधून घेतले जातील. मग माणसाचा थर निवडायचा, Y दाबून हिस्टरी ब्रश घ्यायचा, Mode मध्ये Normal आणि Opacity 100 ठेवून कानावरून फिरवायचा. ब्रश जिथे फिरेल तिथे जुना कान परत येतो. डाग काढलेला चेहरा आणि बाकीची कड यांना धक्काही लागत नाही. ब्रश कानाच्या रेषेबाहेर गेला तर मागची पुसलेली पार्श्वभूमीही परत येते, म्हणून तो लहान ठेवावा. थराची पारदर्शकता लॉक असेल तर पूर्ण पुसलेल्या जागी काहीच उमटणार नाही. तो लॉक आधी काढावा. परत आणायचा भाग मोठा असेल तर लॅसोने निवड करून Edit > Fill मध्ये Contents ला History निवडलं की एका फटक्यात काम होतं.

खरी अडचण येते ती मधल्या काळात Levels थेट त्याच थरावर लावलेलं असेल तेव्हा. मग परत आलेला कान जुन्या उजेडाचा असतो आणि उजळलेल्या चेहऱ्याला चिकटलेल्या मंद ठिगळासारखा उठून दिसतो. असं दिसलं की ते फटकारे मागे घ्यावेत आणि ‘आत्ता’ हाती आहे याची खात्री करून ‘पुसण्याआधी’च्या नावावर क्लिक करावं. त्या स्थितीत माणसाच्या थरावर Levels चे तेच आकडे द्यावेत आणि तिसरा स्नॅपशॉट घ्यावा, ‘उजळलेला’. मग ‘आत्ता’वर क्लिक करून पुढे यावं, ब्रशचं चिन्ह ‘उजळलेला’समोर ठेवावं आणि कान रंगवावा. आता उजेड जुळतो. Levels वेगळ्या अॅडजस्टमेंट लेअरवर लावलेलं असेल तर हा वळसा लागतच नाही. परत आलेले पिक्सेलही त्याच लेअरखाली येतात आणि आपोआप उजळतात.

हिस्टरी ब्रश कधी कधी चालायलाच नकार देतो आणि पडद्यावर कारणही सांगतो. मधे फोटो क्रॉप केला किंवा कॅनव्हासचा आकार बदलला असेल तर जुनी आणि नवी जागा जुळत नाही. आपण ज्या थरावर आहोत तो स्नॅपशॉट घेतल्यानंतर तयार झालेला असेल तर त्याची जुनी प्रतच तिथे नसते. अशा वेळी ‘पुसण्याआधी’च्या नावावर क्लिक करून पॅनेलच्या तळाचं Create New Document From Current State हे बटण दाबावं. जुनी स्थिती वेगळी फाइल म्हणून उघडते आणि त्यातला कान निवडून, कॉपी करून हाताने जागेवर बसवता येतो.

हेच बटण दिवसाचं काम थांबवतानाही उपयोगी पडतं. स्नॅपशॉट PSD फाइलमध्ये साठवले जात नाहीत. फोटो बंद केला की हिस्टरी आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात, फाइल कितीही वेळा सेव्ह केलेली असली तरी. कानाची कड उद्या परत तपासायची असेल तर ‘पुसण्याआधी’ची अशी वेगळी फाइल काढून सेव्ह करून ठेवावी. किंवा पुढच्या फोटोत इरेझरऐवजी लेअर मास्कवर काळ्या रंगाने झाकत जावं. तिथे लपवलेला कान फाइलमध्येच राहतो आणि पांढरा रंग फिरवला की केव्हाही परत दिसतो.