क्रिएटिन: मॅग्नेशियम आणि नायट्रेटने मोनोहायड्रेटपुढे काय कमावले?

बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास व्यायामाला जाणाऱ्या मुलांना हल्ली दुकानात क्रिएटिनचे, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा मिळावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या पावडरीचे, तीन डबे दिसतात: साधे मोनोहायड्रेट, मॅग्नेशियमला बांधलेले मॅग्नेशियम चिलेट आणि नायट्रेट. नंतरचे दोन बरेच महाग असतात, म्हणून ते कुठून आले हे आधी पाहू.

1992 मध्ये हॅरिस, सोडरलुंड आणि हुल्टमन यांनी दाखवले की 5 ग्रॅम मोनोहायड्रेट दिवसातून अनेक वेळा घेतले, तर स्नायूंतला क्रिएटिनचा साठा वाढतो. 1996 मध्ये कळले की रोज 3 ग्रॅम सुमारे 28 दिवस घेतले, तरी साठा जवळपास तेवढाच भरतो. हे क्रिएटिन आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषले जाते. त्यामुळे ‘जास्त शोषले जाणारे’ रूप विकायला फारशी जागाच उरली नव्हती.

उरली ती विरघळण्याची तक्रार. 20 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण 14 ग्रॅम मोनोहायड्रेट विरघळते. म्हणजे 200 मिली पाण्यात 5 ग्रॅम टाकले, तर जवळजवळ निम्मे तळाशी बसते. पाणी कोमट घ्या, आणि गाळ राहिलाच तर पेला पुन्हा हलवून तोही प्या. पोटात तो विरघळतो. नायट्रेट पाण्यात कितीतरी सहज विरघळते, पण ही सोय पेल्यातली आहे, स्नायूतली नाही.

नायट्रेटच्या डब्यावरचे आकडेही नीट वाचायला हवेत. 3 ग्रॅम क्रिएटिन नायट्रेटमध्ये क्रिएटिन सुमारे 2 ग्रॅम आणि बाकी नायट्रेट असते. मोनोहायड्रेटच्या 3 ग्रॅममध्ये मात्र 2.6 ग्रॅम क्रिएटिन मिळते. 2016 च्या एका चाचणीत हे दोन्ही 3 ग्रॅमच्या मात्रेने, आधी आठवडाभर दिवसातून चारदा आणि मग रोज एकदा, असे 28 दिवस दिले. पहिल्या आठवड्यात दोन्ही गटांत स्नायूंतले क्रिएटिन वाढले. 28 व्या दिवसापर्यंत नायट्रेट गटातले पुन्हा उतरले. व्यायामातली कामगिरी दोघांची सारखीच राहिली. नायट्रेट रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून रक्तदाबाच्या किंवा छातीत दुखण्याच्या गोळ्या चालू असतील, तर हा डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नये.

मॅग्नेशियम चिलेटमागची कल्पना मला जास्त पटणारी वाटते: पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू मॅग्नेशियमला बांधलेल्या रूपातच काम करतो, मग दोन्ही एकत्र का देऊ नये? 2004 मध्ये सेल्स्बी आणि सहकाऱ्यांनी 31 पुरुषांचे तीन गट करून एकाला मोनोहायड्रेटमधून, दुसऱ्याला चिलेटमधून रोज 2.5 ग्रॅम क्रिएटिन आणि तिसऱ्याला क्रिएटिन नसलेली नकली पावडर 10 दिवस दिली. बेंच प्रेसच्या चाचणीत क्रिएटिनचे दोन्ही गट नकली पावडरीच्या गटापेक्षा पुढे गेले, पण एकमेकांपेक्षा नाही. नंतर फुटबॉलपटूंवर झालेल्या चाचणीत चिलेटचा फायदा दिसला खरा, पण तुलना होती नकली गोळीशी. मोनोहायड्रेटचा गटच तिथे नव्हता, म्हणून ‘जास्त चांगले’ म्हणण्याला त्यातून आधार मिळत नाही. आहारात मॅग्नेशियम कमी पडत असेल, तर ते वेगळे आणि स्वस्तात घेता येते.