अडकलेला स्पार्क प्लग आणि सहा मायक्रॉनची फट

"हेड गरम करू नकोस, धातू फुगला की भोक बारीक होईल आणि प्लग अजून आवळला जाईल." जुन्या गाडीचा स्पार्क प्लग इंजिनाच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातून, निघेना तेव्हा एका मित्राने मला हा सल्ला दिला. ऐकायला पटतं, पण आहे उलटं. अंगठी तापवली की तिचा घेर वाढतो, म्हणजे आतली पोकळीही मोठी होते. हेडमधल्या भोकाचंही तेच होतं.

खरी गंमत पुढे आहे. बहुतेक हेड ॲल्युमिनिअमची असतात आणि प्लगचं आटे असलेलं कवच पोलादाचं असतं. तापमान सारखंच वाढलं तरी ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. प्लगचा व्यास 14 मिलिमीटर धरा आणि तापमान 25 अंशांवरून 65 अंशांवर न्या. भोक सुमारे 13 मायक्रॉनने मोठं होतं, प्लग मात्र जेमतेम 7 मायक्रॉनने. उरलेले 6 मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नाही. एवढ्याने प्लग आपोआप सुटत नाही, पण गंज सोडवणारं पातळ तेल केशाकर्षणाने आत शिरायला वाट मिळते.

मात्र प्लग आणि हेड दोन्ही सारखे तापलेले हवेत. इंजिन बंद केल्या केल्या प्लग हेडपेक्षा गरम असतो, म्हणजे हिशेब उलटा. वर गॅसच्या टॉर्चने थेट प्लगच तापवला तर तोच आधी फुगतो. शिवाय फार गरम ॲल्युमिनिअम मऊ पडतं, पोलादावर घासलं की त्यालाच चिकटतं आणि आटे ओरबाडून निघतात. म्हणून चांगल्या स्थितीतला प्लग थंड इंजिनातूनच काढावा. ऊब फक्त हट्टी प्लगसाठी. इंजिन चालवून बंद करायचं आणि हेडला क्षणभर हात टेकवता येईल इतकं निवू द्यायचं.

पण मुळात प्लग अडकतो कशाने? एक म्हणजे ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये होणारं क्षरण. ॲल्युमिनिअमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांत पाचरीसारखी बसते. दुसरं म्हणजे काजळी. प्लगचे शेवटचे आटे ज्वलनकक्षात डोकावत असतील तर त्यांच्यावर कडक कार्बन चढतो. प्लग वर येताना तो कार्बन मऊ आट्यांतून ओढला जातो.

माझ्या प्लगचं दुखणं हेच दुसरं होतं. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल काढून प्लगभोवतीच्या खळग्यात दाबाची हवा मारली, कारण तिथली वाळू प्लग सुटताच सिलिंडरात पडते. मग सहा पैलूंचं खोल सॉकेट सरळ लावलं. पाना कलला की वरची चिनीमाती तडकते. आधी किंचित आवळून मग सोडलं. जेमतेम अष्टमांश वळसा. थांबून तेलाचे काही थेंब सोडले आणि पंधरा मिनिटं वाट पाहिली. "दहा सेकंदात प्लग मोकळा" म्हणणारे स्प्रेचे व्हिडिओ पाहून मला हसू येतं. 6 मायक्रॉनच्या फटीत तेल शिरायला वेळ लागतो, डब्यावर काहीही छापलेलं असो.

पहिले चार वळसे सहज झाले, पाचव्याला रखडलं. इथेच माणूस जोर लावतो आणि फसतो. मी प्लग दोन वळसे परत आत घातला, थेंब टाकले, थांबलो, पुन्हा बाहेर घेतला. 19 मिलिमीटर लांबीच्या आट्यांना पंधरा वळसे लागतात, मला त्यासाठी तासभर लागला. हाताला करकर जाणवली तर कार्बन समजावा. पाना फिरतो आणि सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो, तर प्लग फिरत नाहीये, षटकोनाखालची त्याची बारीक मान पिळवटते आहे. तिथे थांबलं नाही तर प्लग तुटतोच. असा प्लग नव्याने बसवताना साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटर लागतात. सोडताना त्याच्या दुप्पट जोर लागू लागला तर मी पाना खाली ठेवतो.

शेवटचे एक-दोन वळसे उरले की पुन्हा हवा मारायची, कारण मधल्या वेळात वर कचरा साठलेला असतो. तरी काही आत पडलंच, तर चुंबक ॲल्युमिनिअमचा कीस किंवा चिनीमातीचा तुकडा उचलणार नाही. व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून ओढावं लागतं. या चिनीमातीत मुख्यतः ॲल्युमिनिअम ऑक्साइड असतं, जे सिलिंडरच्या ओतीव लोखंडापेक्षा कितीतरी कठीण असतं. तिचा कण राहिला तर भिंतीवर ओरखडा उठतोच.

तेल आत उतरलं असेल तर प्लग बसवण्याआधी, कॉइल आणि इंधन बंद ठेवून, स्टार्टरने इंजिन दोन-तीन वेळा फिरवावं. तोंड मात्र भोकापासून लांब ठेवा. माझ्या बाबतीत भोकातून काळसर तेलाची पिचकारी थेट बॉनेटच्या आतल्या बाजूपर्यंत उडाली.