आणीबाणीच्या कॉलचे स्थाननिश्चयन

मोबाइलवरून ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागणारी व्यक्ती कोठे आहे, हे नियंत्रण कक्षाने यंत्रणेच्या साहाय्याने शोधून काढणे, याला आणीबाणीच्या कॉलचे स्थाननिश्चयन म्हणतात. तारेच्या फोनला पत्ता जोडलेला असे. मोबाइलला तो नसतो, म्हणून ठिकाण दर कॉलला नव्याने काढावे लागते. ते मोबाइल कंपनी आपल्या टॉवरच्या आधारे काढते, किंवा फोन स्वतः उपग्रह आणि वाय-फाय यांच्या आधारे काढून पाठवतो. पहिली रीत साध्या बटणांच्या फोनलाही लागू पडते, परंतु ती चुकते तेव्हा मोठी चुकते.

टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेले अँटेना असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२० अंशांचा पट्टा येतो. कॉल कोणत्या पट्ट्यातून आला हे कंपनीला लगेच कळते. अंतर मात्र वेळेवरून काढावे लागते. फोनचा संदेश टॉवरला ठरलेल्या क्षणी पोहोचावा यासाठी तो किती आधी निघाला पाहिजे, हे टॉवर फोनला सतत सांगत असतो. या आकड्याला टायमिंग अ‍ॅडव्हान्स म्हणतात. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जात असल्याने या आकड्यातून अंतर निघते. टूजीमध्ये त्याची एक पायरी सुमारे ५५० मीटरची, तर फोरजीमध्ये सुमारे ७८ मीटरची असते. हाती येतो तो ठिपका नसून कंस असतो.

गोव्यात मांडवी नदीच्या काठी हा फरक ठळकपणे दिसतो. समजा, रायबंदरला नदीकाठच्या घरातून कोणी कॉल केला. सर्वांत जवळचा टॉवर घरामागच्या टेकडीआड आहे. समोर पाण्यावर मात्र काहीच अडथळा नसल्याने चोडण बेटावरच्या टॉवरचे सिग्नल अधिक जोरदार येतात. फोन जवळचा टॉवर निवडत नाही, जोरदार सिग्नलाचा निवडतो, त्यामुळे कॉल चोडणमार्गे जातो. फोरजीवर टायमिंग अ‍ॅडव्हान्स ९ आला, तर अंतर सुमारे ७०० मीटर आणि १२० अंशांच्या पट्ट्यातील कंसाची लांबी जवळपास दीड किलोमीटर भरते. या कंसाचा काही भाग पाण्यावर आणि काही रायबंदरच्या काठावर पडेल. ही तरी बरी स्थिती म्हणायची. कंपनीकडून केवळ टॉवरचेच स्थान आले, तर पडद्यावरचा ठिपका थेट चोडणवर उमटतो आणि त्यावर विसंबलेली रुग्णवाहिका रुग्णाच्या दारावरून पुढे जाऊन फेरीबोटीच्या धक्क्यावर उभी राहते. अशी चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: वेगवेगळ्या कॉलचे ठिपके अगदी एकाच बिंदूवर पडत असतील, तर तो बिंदू माणसाचा नव्हे, टॉवरचा आहे.

फोनने स्वतः काढलेले स्थान मोकळ्या जागी काही मीटरपर्यंत अचूक असते. त्यासाठी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून येत असल्याने क्षीण असतात आणि सिमेंटच्या स्लॅबखाली बहुधा पोहोचत नाहीत. अशा वेळी फोन आसपासच्या वाय-फाय राउटरच्या ज्ञात जागांवरून अंदाज बांधतो. राउटर नुकताच दुसऱ्या घरी हलवला असेल, तर तो जुनीच जागा सांगू शकतो.

आणीबाणीचा कॉल लागताच फोनने आपोआप स्थान काढून पाठवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये २०१४ साली सुरू झाली आणि २०१६ पासून अँड्रॉइड फोनमध्ये तशी सोय आली. ती उपयोगी पडण्यासाठी फोन, मोबाइल कंपनी आणि नियंत्रण कक्ष या तिन्हींची जोडणी असावी लागते. शिवाय ११२ हा क्रमांक मोबाइलच्या मानकातच आणीबाणीचा म्हणून नोंदलेला आहे. १०८ ला फोन तसे ओळखेलच असे नाही.

फोनने पाठवलेल्या स्थानाच्या संदेशात अक्षांश-रेखांशांबरोबर त्रिज्या आणि खात्रीची टक्केवारीही येते, आणि वाचताना दुर्लक्ष होते ते नेमके याच आकड्यांकडे. त्रिज्या ३० मीटर आणि खात्री ६८ टक्के असेल, तर साधारणपणे तीनांतला एक कॉल त्या वर्तुळाबाहेरचा असतो.

राज्याच्या सीमेवर आणखी एक अडचण येते, कारण ११२ चा कॉल कोणत्या कक्षाकडे जावा हेही टॉवरवरूनच ठरते. गोव्याच्या हद्दीत पत्रादेवीला उभ्या असलेल्या माणसाचा फोन बांद्याच्या बाजूच्या टॉवरला लागला, तर कॉल महाराष्ट्राकडे जाऊ शकतो. पोळे येथून तो तसाच कर्नाटकाकडे जाऊ शकतो.

म्हणून पडद्यावर ठिपका दिसत असतानाही कॉल घेणारा कर्मचारी गाव, वाडा, जवळचे देऊळ किंवा कपेल आणि विजेच्या खांबावरचा क्रमांक विचारतो. मांडवीकाठच्या कॉलला पहिला प्रश्न मात्र वेगळा हवा: तुम्ही फेरीच्या अलीकडे आहात की पलीकडे?