टायमिंगचा फरक आणि खरा फरक: दोन्ही एकच नाहीत हो

३१ मार्चची बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे तुमच्या पुस्तकात आमची बाकी किती हे विचारणारं पत्र, पार्टीला पाठवायची, उत्तर थेट ऑडिटरकडे यायला हवं, आपल्या अकाउंटंटमार्फत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, त्यात वेळ घालवत नाही. माझं डोकं फिरतं ते उत्तर जुळलं नाही की. पेपरवर 'टायमिंग डिफरन्स' लिहून टिक मारून मोकळे! अरे पण कसला टायमिंग, कुणाच्या पुस्तकात?

एक केस घ्या. आपल्या लेजरला पार्टीकडून येणं ८,४०,००० आणि पार्टी म्हणते ६,९५,०००. फरक १,४५,०००. पार्टीचं लेजर मागवून ओळीला ओळ लावली तर तीन गोष्टी निघतात.

पहिली, ३०,००० चा चेक. पार्टीने ३० मार्चला नोंदवून कुरिअर केला, आपल्याला २ एप्रिलला मिळाला. हा खरा टायमिंगचा फरक. एप्रिलच्या बँक स्टेटमेंटला क्लिअर झालेला दिसला की विषय संपला, आपल्याकडे मार्चमध्ये एंट्री काहीच नाही.

दुसरी, ९८,००० चं बिल. आपण ३० मार्चला फाडलं, माल त्यांच्याकडे ३ एप्रिलला उतरला. इथेच सगळे गंडतात, कारण दिसायला हा अगदी चेकसारखाच आहे, एप्रिलमध्ये पार्टीच्या पुस्तकात बिल चढतं आणि फरक आपोआप मिटतो, मग लोक म्हणतात बघा टायमिंगच होता. पण फरक मिटला म्हणजे ३१ मार्चचा आपला आकडा बरोबर होता असं नाही ना! ऑर्डरच्या अटी काढून बघा. माल आपल्या गोदामातून निघाला की पार्टीचा, असं ठरलं असेल तर मार्चचीच विक्री, आणि ट्रान्सपोर्टरच्या पावतीची, म्हणजे एलआरची, तारीखही मार्चची हवी. पण पार्टीच्या दारात पोचेपर्यंत जबाबदारी आपली असेल तर ही विक्री एप्रिलची, म्हणजे मार्चमध्ये विक्री आणि येणं दोन्ही फुगलेलं. ते उलटवा, आणि तो माल विक्रीच्या किमतीला नाही तर कॉस्टला स्टॉकमध्ये घ्या, स्टॉक घ्यायचं हमखास राहतं. आणि असं एक बिल सापडलं तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली बाकीच्या पार्ट्यांची बिलंही बघायची, कारण ती सवय असते, अपघात नसतो.

तिसरी, १७,००० ची डेबिट नोट, माल कमी आला म्हणून पार्टीने फेब्रुवारीत काढलेली. आपल्याकडे नोंदच नाही, सेल्सवाल्याच्या मेलमध्ये पडलेली. ही टायमिंग म्हणून खपवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, एप्रिल काय, पुढची दिवाळी आली तरी ती आपोआप मिटत नाही. डिलिव्हरीच्या पावतीवर पार्टीने कमी मालाचा शेरा मारला असेल तर क्रेडिट नोट काढा आणि परिणाम मार्चमध्येच घ्या. शेरा नसेल तर आधी भांडा, पण हातात पुरावा नसताना फक्त बॅलन्स जुळावा म्हणून एंट्री मारू नका.